मंगळाला दोनच चंद्र, पण ‘दोन’ हा शब्द न वापरता

१८७७ सालच्या ऑगस्टमध्ये वॉशिंग्टनच्या नौदल वेधशाळेत असाफ हॉल हा खगोलशास्त्रज्ञ २६ इंची दुर्बिणीतून मंगळाच्या आसपासचं आकाश तपासत होता. मंगळ त्या दिवसांत पृथ्वीच्या बराच जवळ आला होता. काही दिवसांच्या अंतराने हॉलला दोन बारीक ठिपके सापडले, आधी डायमॉस आणि मग फोबॉस. तेव्हापासून ‘मंगळाला दोन चंद्र आहेत’ हे वाक्य खगोलशास्त्राच्या पुस्तकांत आलं.

या वाक्यात ‘दोन’ हा शब्द नेमकं काय काम करतो? ‘मंगळाचे चंद्र खडकाळ आहेत’ असं म्हटलं, तर खडकाळपणा हा प्रत्येक चंद्राचा गुण असतो. फोबॉस खडकाळ आहे आणि डायमॉसही खडकाळ आहे. पण ‘मंगळाचे चंद्र दोन आहेत’ म्हटल्यावर फोबॉस काही दोन नसतो आणि डायमॉसही दोन नसतो. मग हे दोनपण कुणाचं?

जर्मनीतल्या येना विद्यापीठात गणित शिकवणाऱ्या गोटलोब फ्रेगने या प्रश्नाला १८८४ साली उत्तर दिलं. त्याच्या पाच वर्षं आधी, म्हणजे १८७९ साली, एका लहानशा पुस्तकात त्याने आजच्या विधेय तर्कशास्त्राचा पाया घातला होता. अंकगणिताच्या पायावरच्या दुसऱ्या पुस्तकात त्याने शुक्राचं उदाहरण घेतलं. ‘शुक्राला ० चंद्र आहेत’ हे वाक्य खरं आहे, पण ते कोणत्या चंद्राबद्दल आहे? शुक्राला चंद्रच नाही, तेव्हा हे वाक्य कुठल्याही चंद्राबद्दल असू शकत नाही. फ्रेग म्हणतो की ते ‘शुक्राचा चंद्र’ या संकल्पनेबद्दल आहे आणि त्या संकल्पनेत बसणारं काहीही नाही, एवढंच ते सांगतं. तसंच ‘मंगळाचा चंद्र’ या संकल्पनेत किती वस्तू बसतात, हे ‘दोन’ सांगतं. संख्या वस्तूला चिकटत नाही, ती संकल्पनेला लागू होते.

हे मान्य केलं की पुढची वाट उघडते. संकल्पनेत काही बसतं की नाही, आणि बसणाऱ्या गोष्टी एकच आहेत की वेगवेगळ्या, एवढं बोलता आलं की एकही अंक न वापरता ‘जास्तीत जास्त एक’ आणि ‘नेमके दोन’ सांगता येतं. ते कसं, हे मंगळाच्याच उदाहरणावर पायरीपायरीने पाहू.

हाताशी असलेली सामग्री

आधी कशाबद्दल बोलतोय ते ठरवायचं. आपलं विश्व म्हणजे सूर्यमालेतल्या सगळ्या वस्तू: सूर्य, ग्रह, चंद्र, लघुग्रह, धूमकेतू. x, y, z ही अक्षरं या विश्वातल्या कुठल्याही वस्तूसाठी जागा धरून ठेवतात. त्यांना चल म्हणतात. ‘x हा मंगळाचा चंद्र आहे’ हे थोडक्यात Cx असं लिहू. C हे झालं विधेय.

मग येतात दोन संख्यापक. ∃x याचं वाचन ‘असा निदान एक x आहे की…’ असं करायचं, आणि ∀x याचं ‘कुठलाही x घेतला तरी…’ असं. ∃ हे चिन्ह इटालियन गणिती पेआनोने रूढ केलं आणि ∀ हे जर्मन गणिती गेंटझेनने १९३५ च्या सुमाराला आणलं. फ्रेगची स्वतःची लेखनपद्धती निराळीच होती, पण कल्पना हीच होती. यांच्या जोडीला नेहमीची जोडणारी चिन्हं लागतात: ∧ म्हणजे आणि, ∨ म्हणजे किंवा, → म्हणजे जर–तर.

शेवटचं चिन्ह आहे =, म्हणजेच तादात्म्य. x = y याचा अर्थ x आणि y सारखे आहेत असा नाही, तर x आणि y ही एकच वस्तू आहे असा आहे. एकाच कारखान्यातून निघालेले दोन हुबेहूब चेंडू सारखे असतात, पण ते ‘=’ नसतात. x ≠ y म्हणजे त्या निराळ्या वस्तू आहेत. आपलं सगळं मोजकाम या एका चिन्हावर उभं राहणार आहे.

निदान दोन

सुरुवात सोप्या वाक्याने करू: मंगळाला निदान दोन चंद्र आहेत. पहिल्यांदा शिकणाऱ्यांच्या वहीत बहुधा हे दिसतं:

```
∃x∃y (Cx ∧ Cy)
```

म्हणजे ‘असा एक x आहे आणि असा एक y आहे, की x मंगळाचा चंद्र आहे आणि y मंगळाचा चंद्र आहे’. अक्षरं दोन आहेत, म्हणून चंद्रही दोन असं वाटतं. सगळी गडबड इथेच होते. तर्कशास्त्रात दोन निराळ्या अक्षरांनी दोन निराळ्या वस्तू दाखवल्याच पाहिजेत असं बंधन नसतं. शाळेच्या बीजगणितातही x + y = १० असेल तर x आणि y दोघेही ५ असू शकतात, तसंच हे.

वाक्य बरोबर आहे की नाही, हे ओळखायची खात्रीची रीत म्हणजे ते दुसऱ्या ग्रहांवर लावून पाहणं. C चा अर्थ थोडा वेळ ‘x हा पृथ्वीचा चंद्र आहे’ असा करा. पृथ्वीला चंद्र एकच आहे. पण वरचं सूत्र तरीही खरं ठरतं, कारण x साठी आपला चंद्र घेतला आणि y साठीही तोच घेतला, तरी दोन्ही अटी पुऱ्या होतात. सूत्र एक चंद्र असलेल्या पृथ्वीवर खरं ठरत असेल, तर ते ‘निदान दोन’ असं म्हणत नाही. ते ‘निदान एक’ एवढंच दोनदा म्हणतं. निराळेपण वेगळं लिहावं लागतं:

```
∃x∃y (Cx ∧ Cy ∧ x ≠ y)
```

आता पृथ्वीवर ते खोटं ठरतं, मंगळावर खरं ठरतं आणि गुरूवरही खरं ठरतं. गुरूचे चार मोठे चंद्र तर गॅलिलिओने १६१० मध्येच पाहिले होते. ‘निदान दोन’ला हेच हवं होतं.

इथे आणखी एक चूक नेहमी होते. ∧ ऐवजी → लिहिलं जातं: ∃x∃y (Cx ∧ Cy → x ≠ y). वाचायला हे ‘दोन चंद्र असतील तर ते निराळे’ असं छान वाटतं. पण x च्या जागी सूर्य घ्या. सूर्य कुणाचाच चंद्र नाही, म्हणून ‘जर’चा भाग खोटा होतो. ‘जर’ खोटं असलं की सबंध जर–तर वाक्य खरं धरलं जातं. त्यामुळे हे सूत्र मंगळावर, पृथ्वीवर आणि एकही चंद्र नसलेल्या शुक्रावरही खरं ठरतं. जे सगळीकडे खरं ठरतं ते चंद्रांबद्दल काहीच सांगत नाही. ∃ च्या आत मुख्य जोड म्हणून → आलेला दिसला, की थांबून पुन्हा पाहावं.

जास्तीत जास्त एक

आता उलट्या बाजूने जाऊ. ‘या ग्रहाला जास्तीत जास्त एक चंद्र आहे’ हे वाक्य काय मागतं? ते चंद्र असण्याची मागणीच करत नाही. ते फक्त एक गोष्ट मना करतं, आणि ती म्हणजे दोन निराळे चंद्र. म्हणून शुक्रावर ते खरं, पृथ्वीवर खरं आणि मंगळावर खोटं असायला हवं.

पुष्कळ जण इथे ∃ ने सुरुवात करतात, कारण ‘एक’ हा शब्द समोर असतो:

```
∃x (Cx ∧ ∀y (Cy → y = x))
```

याचं वाचन असं: असा एक चंद्र आहे, की कुठलाही चंद्र घेतला तरी तो हाच निघतो. पृथ्वीवर हे खरं आहे आणि मंगळावर खोटं आहे, म्हणजे निम्मं काम झालं. पण शुक्रावर पाहा. शुक्राला चंद्र नाही, म्हणून ‘असा एक चंद्र आहे’ इथेच सूत्र कोसळतं, आणि खरं ठरायला हवं होतं तिथे ते खोटं ठरतं. हे सूत्र वाया जाणारं नाही, ‘नेमका एक’ साठी ते अगदी बरोबर आहे. ‘जास्तीत जास्त एक’ साठी मात्र ते जास्त बोलतं.

योग्य रूपात ∃ कुठेच येत नाही:

```
∀x∀y (Cx ∧ Cy → x = y)
```

कुठल्याही दोन निवडी करा. दोन्ही वेळा चंद्रच हाती आला, तर तो एकच असला पाहिजे. पृथ्वीवर तपासू. पहिल्या निवडीत आपला चंद्र आला आणि दुसऱ्या निवडीतही चंद्रच आला, तर तो आपलाच असणार, म्हणून x = y. निवडीत चंद्र आलाच नाही, तर ‘जर’ खोटं आणि वाक्य खरं. शुक्रावर तर कुठल्याही निवडीत चंद्र येतच नाही. ‘जर’ कधीच पुरं होत नाही, त्यामुळे नियम मोडायची संधीच मिळत नाही आणि वाक्य खरं राहतं. मंगळावर x साठी फोबॉस आणि y साठी डायमॉस घ्या. दोघेही चंद्र आहेत, पण एक नाहीत. एवढी एक जोडी सूत्र खोटं पाडायला पुरते.

→ ऐवजी इथे ∧ वापरला, म्हणजे ∀x∀y (Cx ∧ Cy ∧ x = y) असं लिहिलं, तर अर्थ भलताच होतो. सूर्यमालेतली प्रत्येक वस्तू या ग्रहाचा चंद्र आहे आणि सूर्यमालेत एकूण एकच वस्तू आहे, असं ते सांगू लागतं. म्हणून एक खूणगाठ बांधून ठेवावी: ∃ ची जोडी साधारणपणे ∧ शी आणि ∀ ची जोडी → शी. या जोड्या उलटसुलट झाल्या की वाक्य एक तर काहीच सांगत नाही, नाहीतर अशक्य ते सांगतं.

आणखी एक नातं लक्षात घेण्यासारखं आहे. ‘जास्तीत जास्त एक’ म्हणजे ‘निदान दोन’चा नकार. एक खरं असेल तिथे दुसरं खोटं असतं, आणि ग्रह कुठलाही असो, दोन्हींपैकी एक लागू पडतंच. त्यामुळे एकाचं रूप विसरलं तरी दुसऱ्यावरून ते काढता येतं. ‘निदान दोन’ पुढे नकार लावा. नकार आत जाताना ∃ चे ∀ होतात, आणि ‘चंद्र आणि चंद्र आणि निराळे, असं नाही’ याचं ‘चंद्र आणि चंद्र असतील तर एकच’ असं होतं.

नेमके दोन

‘दोन चंद्र आहेत’ हे वाक्य रोजच्या बोलण्यात दोन अर्थांनी वापरलं जातं. ‘दहा रुपये सुटे आहेत का?’ असं कंडक्टरने विचारलं आणि खिशात वीस रुपये सुटे असले, तरी आपण ‘आहेत’ म्हणतो. तिथे दहाचा अर्थ निदान दहा असतो. खगोलशास्त्राच्या पुस्तकाला मात्र मंगळाला दोनच चंद्र आहेत असं म्हणायचं असतं. हा ‘च’ म्हणजे वरून घातलेली मर्यादा. सूत्र लिहायच्या आधी वाक्यात ती मर्यादा आहे की नाही, हे ठरवावंच लागतं. चिन्हं ते ठरवून देत नाहीत.

‘नेमके दोन’ म्हणजे ‘निदान दोन’ आणि ‘जास्तीत जास्त दोन’ ही दोन वाक्यं एकत्र. जास्तीत जास्त दोनचं सूत्र वेगळं लिहिता येतं: तीन निवडी केल्या आणि तिन्ही वेळा चंद्र आला, तर कुठल्या तरी दोन निवडी एकच असल्या पाहिजेत. पण त्याहून आटोपशीर वाट अशी: दोन निराळे चंद्र हाती घ्या, आणि मग म्हणा की याखेरीज चंद्र नाही.

```
∃x∃y (Cx ∧ Cy ∧ x ≠ y ∧ ∀z (Cz → z = x ∨ z = y))
```

हे सावकाश वाचू. असा एक x आणि असा एक y आहे. x मंगळाचा चंद्र आहे आणि y मंगळाचा चंद्र आहे. ते निराळे आहेत. आणि कुठलाही z घेतला, तरी तो मंगळाचा चंद्र असेल तर तो x तरी असतो किंवा y तरी असतो. x साठी फोबॉस आणि y साठी डायमॉस ठेवले की चारही अटी पुऱ्या होतात. सबंध सूत्रात ‘दोन’ कुठे आहे? कुठेच नाही. ते दोन ∃, एक ≠ आणि शेवटचं कुंपण यांच्या मांडणीत विरघळलेलं आहे.

प्रत्येक तुकडा कशासाठी आहे, हे तो काढून टाकल्यावर कळतं. x ≠ y काढला, तर x आणि y दोन्हींसाठी आपला चंद्र ठेवता येतो आणि पृथ्वीवरही सूत्र खरं ठरतं. मग त्याचा अर्थ ‘एक किंवा दोन’ असा होतो. Cx आणि Cy काढले, तर शुक्रावरही ते खरं ठरतं: x साठी सूर्य आणि y साठी बुध घ्या, ते निराळे आहेत, आणि शुक्राला चंद्र नसल्यामुळे शेवटची अट आपोआप पुरी होते. मग उरतो ‘जास्तीत जास्त दोन’. शेवटचा ∀z चा भाग काढला, तर गुरूवरही ते खरं होतं आणि ‘निदान दोन’ उरतं. म्हणून शुक्र, पृथ्वी, मंगळ आणि गुरू हे चार ग्रह आपल्याला पुरतात. अनुक्रमे शून्य, एक, दोन आणि पुष्कळ चंद्र असलेली ही चार ठिकाणं आहेत. सूत्र फक्त मंगळावर खरं ठरलं आणि बाकी तिन्ही ठिकाणी खोटं ठरलं, तर ते बहुधा बरोबर आहे. कुठे चुकलं तर कुठला तुकडा राहिला, हेही त्या ग्रहावरून कळतं.

कंसाचीही एक चूक होते. ∀z चा भाग कंसाबाहेर गेला, तर त्यातले x आणि y मोकळे पडतात. ते कुणाकडे बोट दाखवतात हे ठरत नाही, आणि समोर वाक्यच राहत नाही. ‘याखेरीज नाही’ म्हणायचं, तर ‘या’ कोण हे त्याच कंसात असावं लागतं.

मोजायचं काय, हे कोण ठरवतं?

सूत्र कितीही बिनचूक असलं तरी C म्हणजे काय, हे बाहेरून यावं लागतं. महाराष्ट्रातल्या ग्रामपंचायतीच्या कायद्यात याचं एक चांगलं उदाहरण सापडतं. दोनपेक्षा जास्त मुलं असलेल्या व्यक्तीला सदस्यत्वासाठी अपात्र ठरवणारी तरतूद त्या कायद्यात घालण्यात आली. ‘दोनपेक्षा जास्त’ म्हणजे ‘निदान तीन’, म्हणजे तीन ∃ आणि तिन्ही एकमेकांपासून निराळे: x ≠ y, y ≠ z, x ≠ z. इथे तीन ≠ लागतात, एक कमी पडला तरी सूत्र ढिलं होतं. उदाहरणार्थ x ≠ z राहिला, तर x आणि z साठी एकच मूल घेता येतं आणि दोन मुलांचे आईवडीलही अपात्र ठरतात.

पण एक मूल असताना पुढच्या बाळंतपणात जुळी झाली तर? तिथे मुलं तीन होतात. कायद्याने त्यासाठी स्पष्टीकरण जोडलं, की अशा वेळी पुढच्या एकाच बाळंतपणात झालेली मुलं, ती कितीही असली तरी, एकच घटक मानावीत. तर्कशास्त्राच्या दृष्टीने हे काय झालं? ‘=’ ला हात लावता येत नाही. जुळी भावंडं दोन माणसं आहेत, त्यांना x = y म्हणणं खोटं आहे. मग बदल विधेयात करावा लागतो. ‘x हे या व्यक्तीचं मूल आहे’ याऐवजी अशा घरात ‘x हे या व्यक्तीच्या अपत्यजन्माचं एक बाळंतपण आहे’ असं काहीसं विधेय घ्यावं लागतं, आणि मग तेच ‘निदान तीन’चं सूत्र मुलांऐवजी बाळंतपणं मोजू लागतं. घर तेच आणि मुलं तीच, पण संकल्पना बदलली की संख्या बदलते. फ्रेगने संख्या संकल्पनेला लावली ती याचसाठी.

लांबी आणि मर्यादा

ही रीत कुठल्याही ठरावीक संख्येपर्यंत चालते, पण सूत्र झपाट्याने लांबतं. निराळेपण प्रत्येक जोडीसाठी वेगळं लिहावं लागतं. दोनसाठी एक ≠, तीनसाठी तीन, चारसाठी सहा, दहासाठी ४५. शंभर चंद्रांचं सूत्र लिहायचं तर ४,९५० वेळा ≠ लिहावं लागेल. म्हणून व्यवहारात संक्षेप वापरतात. ‘नेमका एक’ साठी ∃! हे चिन्ह गणितात रूढ आहे, पण ते नवं काही आणत नाही. त्यामागे वरचंच सूत्र दडलेलं असतं.

लांबीपेक्षा खोल मर्यादा दुसरी आहे. ‘नेमके दोन’, ‘नेमके सतरा’, ‘जास्तीत जास्त हजार’ हे सगळं असं लिहिता येतं. पण ‘चंद्रांची संख्या सांत आहे’, म्हणजे किती ते न सांगता ते कुठेतरी संपतात एवढंच सांगणारं एकही सूत्र या भाषेत लिहिता येत नाही. ते अशक्य आहे, हे सिद्ध झालेलं आहे. प्रत्येक विशिष्ट मर्यादा सांगता येते, ‘कुठली तरी एक मर्यादा आहे’ हे सांगता येत नाही.

फ्रेगला आणखी एक गोष्ट खटकली होती. या रीतीने ‘मंगळाला दोन चंद्र आहेत’ हे सबंध वाक्य समजतं, पण ‘दोन ही मूळसंख्या आहे’ अशा वाक्यातला दोन समजत नाही. तिथे दोन ही स्वतःच एक वस्तू असल्यासारखी येते, आणि आपण तर तिला मांडणीत विरघळवून टाकलेलं आहे. त्यासाठी त्याने पुढे निराळी व्याख्या शोधली. आपल्या कामासाठी, म्हणजे वस्तू मोजणाऱ्या वाक्यांसाठी, मात्र ही रीत पुरती आहे.

एक अधिक एक

ती किती पुरती आहे, हे एका लहानशा सिद्धतेत दिसतं. समजा A मध्ये बसणारी वस्तू नेमकी एक आहे. B मध्ये बसणारी वस्तूही नेमकी एक आहे. आणि कुठलीही वस्तू A आणि B दोन्हींत बसत नाही. तर ‘A किंवा B’ मध्ये बसणाऱ्या वस्तू नेमक्या दोन असतात. हे अंक न वापरता दाखवू.

A मध्ये बसणाऱ्या त्या एका वस्तूला a म्हणू, B मधल्या वस्तूला b म्हणू. दोन्ही ‘A किंवा B’ मध्ये बसतात, म्हणजे ‘नेमके दोन’च्या सूत्रातल्या पहिल्या दोन अटी पुऱ्या झाल्या. a आणि b एकच असते, तर ती वस्तू A मध्येही बसली असती आणि B मध्येही. तसं होत नाही हे गृहीत आहे, म्हणून a ≠ b. राहिली शेवटची अट. ‘A किंवा B’ मध्ये बसणारी कुठलीही वस्तू z घ्या. ती A मध्ये असेल तर A मध्ये नेमकी एकच वस्तू असल्यामुळे z = a. ती B मध्ये असेल तर z = b. सगळ्या अटी पुऱ्या झाल्या. अंकगणिताचा एकही नियम न वापरता, फक्त संख्यापक आणि तादात्म्य यांच्या जोरावर, १ + १ = २ चा आशय हाती आला.

या सिद्धतेत तिसरं गृहीतक नुसतं तोंडी लावायला नाही, हे शुक्र दाखवतो. पहाटे पूर्वेला दिसणारी सगळ्यांत तेजस्वी चांदणी नेमकी एक आहे. संध्याकाळी पश्चिमेला दिसणारी सगळ्यांत तेजस्वी चांदणीही नेमकी एक आहे. दोघींना वेगवेगळी नावं आहेत, त्या वेगवेगळ्या वेळी दिसतात, आणि पूर्वी कित्येक ठिकाणी लोक त्यांना निराळ्या समजत. एक आणि एक मिळून इथे दोन होत नाहीत, कारण दोन्ही वर्णनांत बसणारी वस्तू एकच आहे. a = b हे कागदावर बसून कळणार नव्हतं, त्यासाठी आकाशाचे वेध घ्यावे लागले. सूत्राने एवढं मात्र आधीच सांगून ठेवलं होतं, की दोन म्हणायच्या आधी ≠ सिद्ध करावा लागेल. नावं, अक्षरं आणि वर्णनं कितीही असली तरी ती तो सिद्ध करत नाहीत.